धागा: हद्दीला टेकलेला कॉलम, दोन कॉलमला एकच फुटिंग, लांबी आणि लोखंड कसं ठरवायचं?

सुयोग_साईट
नमस्कार मंडळी. काकांचं घर बांधतोय नाशिकला, रो-हाऊसचा कडेचा प्लॉट आहे, एका बाजूला मार्जिनच नाही, म्हणजे कॉलमचा बाहेरचा चेहरा थेट हद्दीवर येतो. तळमजला अधिक दोन. मी डिप्लोमावाला आहे, साईट बघतो, डिझाईन मला फारसं येत नाही.

आरसीसी कन्सल्टंटने लोड दिलेत, हद्दीवरचा कॉलम सी-1 50 टन, आतला सी-2 75 टन, दोघांमध्ये मध्य ते मध्य 3.6 मीटर. कॉलम दोन्ही 300 बाय 450, 300 ची बाजू हद्दीला काटकोनात. 1.8 मीटरवर मुरूम लागतो आणि रिपोर्टमध्ये जमिनीची क्षमता 18 टन प्रति चौरस मीटर लिहिलीय. ड्रॉइंगमध्ये दोघांना मिळून एक लांब फुटिंग दाखवलंय, पण डिटेल शीट अजून आलेली नाही आणि साहेब आठवडाभर बाहेरगावी. काँट्रॅक्टर म्हणतो एवढं काँक्रीट कशाला वाया घालवता, सी-1 ला कडेला सरकवून पावणेदोन मीटरचं वेगळं फुटिंग टाकू, सी-2 ला वेगळं, क्षेत्रफळ तर पुरतंय ना. तसं खरंच क्षेत्रफळ पुरतं, मी गुणून पाहिलं. मग अडचण कुठे आहे ते नीट कोणी सांगेल का?

खडीवाळू
अहो तुमचा काँट्रॅक्टर बरोबर बोलतोय. आमच्याकडे सगळ्या गल्लीत कॉलम कडेलाच आहेत आणि फुटिंग एकाच बाजूला, वीस-वीस वर्षं झाली घरं उभी आहेत. आरसीसीवाले लोड दुप्पट धरतात, जमीन निम्मी धरतात, आणि मग बिल मालकाचं. प्लिंथ बीम दणकट टाका, विषय संपला.

दख्खनकर
कंपाउंड वॉलच्या कॉलमला 50 टन कुठून आले भाऊ? आम्ही तर दोन बाय दोनचे खड्डे घेतो आणि दगड भरतो, सात फूट उंच भिंत आहे, काही झालं नाही.

सुयोग_साईट
दख्खनकर दादा, कंपाउंड नाही हो, घराचा कॉलम आहे, घराची भिंतच हद्दीवर आहे.

दख्खनकर
अच्छा अच्छा. मग मला काही माहिती नाही, वाचतोय.

अनघा_आरसीसी
सुयोग, क्षेत्रफळ पुरतं हे बरोबर, पण क्षेत्रफळ पुरण्याने काम भागतं ते फक्त लोड फुटिंगच्या मध्यावर आला तर. तुमच्या काँट्रॅक्टरच्या फुटिंगमध्ये कॉलमचा मध्य कडेपासून 15 सेंटीमीटरवर, आणि फुटिंगचा मध्य साडेसत्याऐंशी सेंटीमीटरवर. म्हणजे लोड मध्यापासून साडेबहात्तर सेंटीमीटर बाजूला. फुटिंगच्या लांबीच्या सहाव्या भागाच्या, म्हणजे इथे साधारण 29 सेंटीमीटरच्या पलीकडे लोड गेला की आतली कड जमिनीवरून उचलली जाते, माती ओढून तर धरणार नाही ना. मग दाब फक्त हद्दीकडच्या पट्टीवर. ती पट्टी लोडच्या कडेपासूनच्या अंतराच्या तिप्पट, म्हणजे अवघी 45 सेंटीमीटर. पावणेदोन मीटर खणलंत आणि काम करतेय 45 सेंटीमीटरची पट्टी. तिथे हद्दीच्या कडेवर दाब येतो सव्वाशे टनांच्या पुढे, जमिनीची क्षमता आहे 18.

आता खडीवाळू म्हणतायत ना घरं उभी आहेत, ते खोटं नाही. फुटिंग फिरायला लागलं की कॉलम आणि प्लिंथ बीम त्याला धरून ठेवतात, त्यामुळे वरचा हिशोब जसाच्या तसा घडत नाही. पण मग तो वाकवणारा मोमेंट कोणी घ्यायचा? 50 टन गुणिले 0.725, म्हणजे 36 टन-मीटर, आणि तोही 300 च्या बाजूने. तुमचा 300 बाय 450 चा कॉलम तो घेऊच शकत नाही. लहान एकमजली घरात लोड 15 टन असतो, खाली कडक मुरूम असतो, म्हणून निभावतं. तळमजला अधिक दोनला हा जुगार मी खेळणार नाही.

खडीवाळू
ताई सव्वाशे टन दाब आला असता तर घर त्याच दिवशी आडवं झालं असतं.

अनघा_आरसीसी
आडवं नाही होत, कलतं, आणि हळूहळू. आधी हद्दीकडच्या भिंतीच्या लगतचं दार अडायला लागतं, मग प्लिंथ बीमच्या वरच्या अंगाला कॉलमजवळ उभी चीर, मग त्या पॅनेलमध्ये तिरकी चीर. लोक पुट्टी भरून रंग देतात आणि "जुनं घर आहे" म्हणतात. तुमच्या गल्लीत जरा फिरून या, सापडतील.

तिरकी_नजर
माझ्या मते कंबाइंड फुटिंग जुना प्रकार झाला. स्ट्रॅप बीम टाका, सी-1 चं लहान फुटिंग, सी-2 चं लहान फुटिंग, मध्ये बीम, काँक्रीट निम्मं. मी आतापर्यंत सगळीकडे स्ट्रॅपच करून घेतलंय, आणि बीम खाली जमिनीवर नीट टेकवून पीसीसीवर बसवायचा म्हणजे त्यालाही आधार मिळतो.

अनघा_आरसीसी
स्ट्रॅप चांगला उपाय आहे, पण शेवटचं वाक्य उलटं आहे. स्ट्रॅप बीम जमिनीवर टेकवायचा नसतो. त्याचं काम फक्त सी-1 च्या फुटिंगला फिरू न देणं, खालून दाब आला की तुम्ही धरलेला हिशोबच बदलला. खालची माती सैल करून ठेवतात किंवा थर्माकोल टाकतात.

आणि इथे निम्मं काँक्रीट होणार नाही, आकडे लावून बघा. सी-1 चं फुटिंग हद्दीपासून 1.2 मीटर आत येईल असं घेतलं तर त्याचा मध्य कॉलमच्या मध्यापासून 45 सेंटीमीटर आत जातो, त्यामुळे त्याच्यावरचा भार 50 चा 57 टन होतो आणि सी-2 वरचा तेवढाच कमी होऊन 68 होतो. मग सी-1 ला 1.2 बाय 2.9, सी-2 ला साधारण 2.05 चौरस. आता मधली मोकळी जागा मोजा, दीड मीटर उरते. दीड मीटरसाठी वेगळं सेंटरिंग, वेगळा खोल बीम, खाली सैल माती, सगळं झंझट. कॉलममधलं अंतर साडेपाच-सहा मीटर असतं तर मीही स्ट्रॅपच म्हटलं असतं.

तिरकी_नजर
हं, मी जे केलेत त्यात अंतर अठरा-वीस फूट होतं. पण टेकवू नये हे पटत नाही, आमच्या साहेबांनी कधी अडवलं नाही.

सुयोग_साईट
ताई मग कंबाइंडची लांबी कशी काढायची? काँट्रॅक्टर म्हणतो दोन्ही कॉलमच्या बाहेर एक-एक फूट सोडा, पण हद्दीकडे तर सोडताच येत नाही.

अनघा_आरसीसी
तिथेच सगळी गंमत आहे. एक बाजू हद्दीने बांधलेली, मग दुसऱ्या बाजूने लांबी अशी धरायची की फुटिंगचा मध्य बरोबर दोन्ही लोडच्या एकत्रित मध्याखाली येईल. पहिलं, लोडचा मध्य कुठे? सी-1 पासून 75 गुणिले 3.6 भागिले 125, म्हणजे 2.16 मीटर. त्यात हद्दीपासून सी-1 पर्यंतचे 0.15 मिळवा, 2.31. फुटिंग हद्दीवरून सुरू होतं, मध्य 2.31 वर हवा, म्हणजे लांबी त्याच्या दुप्पट, 4.62 मीटर. सी-2 चा मध्य हद्दीपासून 3.75 वर आहे, म्हणजे त्याच्या पुढे 87 सेंटीमीटर बाहेर जाईल. फूटभर नाही.

रुंदी मग सोपी. 125 टनात फुटिंगच्या वजनासाठी 10 टक्के धरा, 137.5, भागिले 18, साडेसात चौरस मीटरच्या वर थोडं, भागिले 4.62, येते 1.65, आपण 1.7 करू.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सी-1 जर प्लास्टरसाठी 5 सेंटीमीटर आत घेतला, आणि घ्यायलाच हवा, नाहीतर प्लास्टर शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जाईल, तर सी-2 जागेवर ठेवला तरी मध्य थोडा सरकतो आणि सी-2 ही तेवढाच सरकवला तर लांबी 10 सेंटीमीटर वाढते, कारण सगळं दुप्पट होतं. लाईनआउट झाल्यावर कॉलम सरकवायचा असेल तर फुटिंगची लांबी पुन्हा काढा, "थोडंसंच सरकवलंय" म्हणून सोडू नका.

गावठाणकर
मध्येच विचारतो, माझं वेगळं आहे पण हद्दीचंच आहे. जुन्या गावठाणात घर पाडून बांधतोय, शेजाऱ्याची दगडी भिंत माझ्या हद्दीला लागून, तिचा पाया मला दिसतोय फक्त अडीच फूट खोल, आणि माझा खड्डा सहा फूट जाणार. शेजारी म्हणतो भिंतीला चीर गेली तर तुमच्यावर केस. काय करावं?

अनघा_आरसीसी
केस होईल की नाही ते वकिलाला विचारा, पण तुमच्या शेजाऱ्याची भीती रास्त आहे. सहा फुटाचा लांब चर भिंतीच्या कडेने एकदम खणला तर अडीच फुटावरच्या पायाखालची माती तुमच्या खड्ड्यात ढासळते. पावसाळ्यात तर नक्कीच. पूर्ण लांबी एकदम उघडू नका, मीटर-सव्वा मीटरचे तुकडे करा, एक खणा, त्यात तळापासून पीसीसी किंवा दगडी बांधकाम शेजाऱ्याच्या पायाखाली घट्ट बसेपर्यंत भरा, मग लगतचा नाही, एक सोडून पुढचा खणा. आणि खणण्याआधी शेजाऱ्यासोबत त्याच्या भिंतीचे फोटो काढा, आधीच्या चिरा मोजून लिहून दोघांच्या सह्या. नंतरची अर्धी भांडणं वाचतात.

गावठाणकर
माझी फुटिंग त्याच्या पायाच्या पातळीवरच ठेवली तर? म्हणजे अडीच फुटावर.

अनघा_आरसीसी
अडीच फुटावर काळी माती असेल तर नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिथे कुठलंच फुटिंग ठेवू नका. मुरूम असेल तर विचार होऊ शकतो, पण आधी खड्डा घेऊन बघा.

सुयोग_साईट
ताई लोखंडाचं सांगा ना, काँट्रॅक्टरच्या मिस्त्रीने जाळी बांधायला घेतली पण. तळाला 12 ची सहा इंचावर दोन्ही बाजूंनी, नेहमीसारखी. वर काही नाही. जाडी तो 18 इंच म्हणतोय.

अनघा_आरसीसी
थांबवा त्याला. आजच.

एकट्या फुटिंगमध्ये कॉलम मधोमध असतो, जमीन बाहेरच्या पंखांना वर ढकलते, पंख वर वाकतात, म्हणून ताण तळाला येतो आणि जाळी तळाला असते. इथे दोन कॉलम म्हणजे दोन आधार, आणि त्यांच्यामध्ये खालून जमीन वर ढकलतेय. साधा स्लॅब उलटा करून बघा, मधल्या भागात वाकण वरच्या बाजूला, म्हणजे ताण वरच्या तोंडाला. जाड बार वर हवेत. तळाला ताण फक्त सी-2 च्या आसपास आणि त्याच्या पुढच्या 87 सेंटीमीटरच्या पंखात. सी-1 कडे तर पंखच नाही, तिथे लांबीच्या दिशेने तळाच्या बारला ताणाचं कामच येत नाही.

आकडा सांगते. दीडपटीने वाढवलेल्या लोडवर सर्वात मोठा मोमेंट हद्दीपासून 1.85 मीटरवर येतो, 58 टन-मीटर, वरच्या तोंडाला. सी-2 च्या चेहऱ्यावर तळाला येतो तो फक्त साडेदहा. मिस्त्री साडेदहासाठी जाळी बांधतोय आणि 58 उघडा सोडतोय.

खडीवाळू
मग एवढ्या लोकांनी फक्त तळाला जाळी टाकून केलेत ते तुटले का नाहीत?

अनघा_आरसीसी
प्रश्न चांगला आहे, मीही एकदा हिशोब करून पाहिला होता. साधं काँक्रीटही थोडा ताण घेतं. 750 जाडीचं असेल तर या साईटच्या रोजच्या लोडवरचा, म्हणजे न वाढवलेल्या लोडवरचा मोमेंट 39 टन-मीटरच्या आत आहे, आणि एम-20 काँक्रीट कागदावर जवळजवळ 50 ला चिरतं. म्हणून जाड फुटिंगं लोखंड चुकीचं असूनही गप्प बसतात. पण तुमच्या 18 इंचाच्या फुटिंगला तेच काँक्रीट 18 टन-मीटरलाच चिरेल, आणि वर लोखंड नाही म्हटल्यावर त्या चिरेला धरणारं कोणी नाही. ती चीर मातीखाली, कोणाला दिसणार?

तिरकी_नजर
हे मात्र खरंय. वरची जाळी विसरतात. आम्ही खुर्च्या मोजून घेतो.

सुयोग_साईट
750 जाडी? पण मोमेंटला एवढी लागते का?

अनघा_आरसीसी
मोमेंटला नाही लागत, 400 च्या आसपासही निघेल. जाडी ठरवतो कात्री दाब, शिअर. सी-2 च्या आतल्या बाजूला शिअर सर्वात मोठा, आणि फुटिंगमध्ये कोणी रिंगा घालत नाही, म्हणून काँक्रीटनेच तो घ्यायचा. 650 ला मी केलं तर बसत नाही. 750 ला वर 16 चे 16 बार दिले तर काठोकाठ बसतं. लोखंड जास्त असलं की काँक्रीटची शिअर घ्यायची ताकदही थोडी वाढते, आयएस 456 मध्ये तसा तक्ता आहे, म्हणून मोमेंटला 16 चे दहा-अकरा बार पुरले असते तरी सोळा धरलेत. तळाला लांबीत 12 चे 14 आणि आडवे 12 चे 125 वर, हे मिनिममवरच आहेत. खालचं कव्हर 50 पेक्षा कमी नको.

पण हे सगळं फक्त उभ्या लोडवर. कॉलमला भूकंपाचे मोमेंट आहेत, नाशिकलाही ते धरावे लागतात, आणि त्याने लोडचा मध्य सरकतो. ते तुमच्या कन्सल्टंटच्या फाईलमध्ये आहेत, माझ्याकडे नाहीत. माझे आकडे घेऊन काँक्रीट ओतू नका, त्यांना दाखवून विचारा.

सुयोग_साईट
साहेबांशी फोन झाला, शीट रात्री येईल म्हणाले, वरची जाळी आहेच म्हणाले. मिस्त्री म्हणतो वरची जाळी एवढ्या उंचीवर उभी कशी राहणार, माणूस चढला की बसते.

तिरकी_नजर
12 च्या बारच्या खुर्च्या बनवा, मीटर-मीटरवर, पाय तळाच्या जाळीवर बांधून, नुसते मातीत खुपसायचे नाहीत. वर फळ्या टाकूनच माणसं चालवा. आणि ओतायच्या आधी दोन कॉलमच्या मधोमध उभं राहून खाली बघायचं, जाड बार वरच्या थरात दिसले तर ठीक, दिसले नाहीत तर गाडी परत पाठवायची. मी एकाच गोष्टीवर साईटवर भांडतो ती ही.

अनघा_आरसीसी
अगदी. आणि हद्दीच्या कडेला वरचे बार खाली वाकवून घ्या, तिथे सरळ कापून सोडले तर पकड मिळत नाही. सी-1 च्या उभ्या बारचे खालचे पाय फुटिंगच्या आत वळवा, हद्दीकडे वळवले तर बाहेर मातीत निघतील.

दख्खनकर
एक शंका. सी-1 जास्त वजनाचा असता आणि सी-2 हलका असता तर? आमच्या मेव्हण्याचं जिन्याचं तसं आहे बहुतेक.

अनघा_आरसीसी
उत्तम शंका. समजा 75 हद्दीवर आणि 50 आत. मध्य हद्दीपासून 1.59 वर येतो, दुप्पट 3.18, आणि सी-2 चा मध्यच 3.75 वर आहे. म्हणजे आयताकृती फुटिंग सी-2 पर्यंत पोहोचतच नाही. मग समलंब आकार, हद्दीकडे रुंद आणि आत अरुंद. तेही जमतं जोपर्यंत मध्य लांबीच्या तिसऱ्या भागाच्या आणि अर्ध्याच्या दरम्यान आहे, 3.9 लांबीला तो 0.41 वर आहे, जमेल. त्याच्याही पलीकडे गेलं की स्ट्रॅप किंवा कॉलमच आत ओढून वरून बीम बाहेर काढायचा. त्यासाठी कॉलम साधारण 90 सेंटीमीटर आत यावा लागतो, आणि घरमालक खोलीतली तेवढी जागा सहसा देत नाहीत.

सुयोग_साईट
अजून एक घोळ. आज सी-2 कडचा खड्डा खणताना सव्वा मीटरवरच काळा पाषाण लागला. सी-1 कडे मुरूमच आहे, 1.8 ला. काँट्रॅक्टर म्हणतो छान, दगडावर बसवू.

तिरकी_नजर
दगडावर बसलं तर चांगलंच की, खाली बसणारच नाही.

अनघा_आरसीसी
तेच तर दुखणं. एक टोक अजिबात बसणार नाही आणि दुसरं मुरमावर थोडं बसणार, तेही हद्दीचं टोक. फुटिंग शेजाऱ्याकडे कलेल, आणि आपण जो सारखा दाब धरला तो राहणार नाही. दोन वाटा दिसतात. एक, दगड फोडून फुटिंगच्या तळाखाली फूटभर खोल करायचा आणि तिथे मुरूम भरून दाबायचा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी. दुसरी, सी-1 कडे दगड लागेपर्यंत खोल जाऊन पीसीसीने वर आणायचं. पहिली स्वस्त, पण दाबलेला मुरूम किती नीट दाबला यावर सगळं.

खडीवाळू
ब्रेकर लावून दगड फोडून परत माती भरायची? मालकाला हे कोण समजावणार. सी-1 खोल करा, माझं मत.

गावठाणकर
आणि शेजाऱ्याची भिंत? खोल गेलात की माझ्यासारखंच होणार.

अनघा_आरसीसी
म्हणूनच मी अजून ठरवत नाहीये. सुयोग, आधी सी-1 च्या खड्ड्यात आणखी एक मीटर पहारीने किंवा हँड ऑगरने बघा, दगड कुठे लागतो. दोन-सव्वादोनला लागला तर दुसरी वाट, नाही लागला तर पहिली. आणि शेजाऱ्याचा पाया किती खोल तेही एका कोपऱ्यात उकरून घ्या.

सुयोग_साईट
उद्या सकाळी ऑगर मागवतो. शेजारी काका घरी असतात दुपारी, त्यांना विचारूनच कोपरा उकरेन. मिस्त्रीने तळाची जाळी सोडली, खुर्च्या वाकवायला घेतल्यात.

खडीवाळू
दगड किती खोल लागला ते इथे टाका, मलाही बघायचंय.